उन्हातल्या गटात घरातला माणूस : जोडचित्र कशावरून ओळखू येते?

एखादे छायाचित्र समाजमाध्यमांवर गाजू लागले की काही तासांतच त्याच्यावर लाल वर्तुळे काढलेल्या प्रती फिरू लागतात. ‘ही सावली बघा’, ‘डोक्याभोवतीची पांढरी रेघ बघा’, म्हणजेच छायाचित्र बनावट, असा निकालही सोबत लागलेला असतो. यांपैकी काही वर्तुळे अगदी योग्य ठिकाणी काढलेली असतात आणि बरीचशी साफ चुकलेली असतात. या दोहोंतला फरक कळण्यासाठी, दोन वेगळ्या छायाचित्रांचे तुकडे एकत्र करून केलेले चित्र, म्हणजे जोडचित्र, तयार होताना नेमके काय घडते हे पाहावे लागते.

त्यासाठी एकच उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. मोकळ्या जागेत, भर उन्हात, पाचजणांचा एक फोटो काढलेला आहे. सहावा माणूस त्या दिवशी आला नव्हता. त्याचा संध्याकाळी घरात, दिव्याच्या उजेडात, पांढऱ्या भिंतीसमोर काढलेला एक फोटो उपलब्ध आहे. त्या फोटोतून त्याला कापून उन्हातल्या पाचजणांच्या शेजारी उभे करायचे आहे. काम साधे वाटते. पण हा माणूस येताना आपल्या घरातला उजेड, आपल्या कॅमेऱ्याची सेटिंग आणि मागच्या भिंतीचा थोडासा रंगही बरोबर घेऊन येतो.

## कडेवर उरलेली भिंत

सुरुवात कडेपासून करतो, कारण माझ्या मते बहुतेक जोडचित्रे इथेच उघडी पडतात आणि त्यामागचे कारण मात्र फार थोड्या लोकांना ठाऊक असते. सर्वसाधारण समज असा, की कातरकाम नीट झाले नाही म्हणून कडेला पांढरी रेघ राहते. प्रत्यक्षात कातरकाम अगदी अचूक झाले तरीही ती रेघ राहू शकते.

केसाची बट एखाद्या पिक्सेलच्या अर्ध्याच भागातून जात असेल, तर कॅमेरा त्या पिक्सेलमध्ये केस आणि मागची भिंत या दोन्हींचा उजेड एकत्र करून एकच आकडा नोंदवतो. पूर्ण काळ्याला 0 आणि पूर्ण पांढऱ्याला 255 मानले, तर काळसर केसाचा आकडा समजा 40 आहे आणि भिंतीचा 240. अर्धे-अर्धे मिसळून त्या पिक्सेलचा आकडा येतो 140. (गणित सोपे राहावे म्हणून येथे आकडे सरळ मिसळले आहेत; प्रत्यक्षातले मिश्रण थोडे वेगळे असते, पण मुद्दा तोच राहतो.)

आता संपादक मास्क तयार करतो. कोणता पिक्सेल किती प्रमाणात दिसावा हे सांगणारा नकाशा म्हणजे मास्क. त्याचा मास्क निर्दोष आहे असे धरू, म्हणजे या पिक्सेलला त्याने बरोबर 50 टक्के दृश्यता दिली आहे. नव्या फोटोत त्या जागी गडद झाडी आहे आणि तिचा आकडा 60. मग 140 चे अर्धे 70 आणि 60 चे अर्धे 30, मिळून 100. हाच माणूस खरोखर झाडीसमोर उभा असता, तर 40 चे अर्धे आणि 60 चे अर्धे मिळून 50 हा आकडा यायला हवा होता. 50 च्या जागी 100. केसाहूनही उजळ आणि झाडीहूनही उजळ असा हा पिक्सेल आहे, आणि असे शेकडो पिक्सेल डोक्याभोवती रांगेने उभे राहतात. तीच ती पांढरी रेघ. मास्क बरोबर होता, पण त्या 140 मध्ये भिंत शिल्लक होती.

म्हणून जाणकार संपादक मास्कनंतर एक स्वतंत्र पायरी करतात आणि कडेच्या पिक्सेलमधून जुनी पार्श्वभूमी वजा करतात. वरच्याच आकड्यांत पाहायचे, तर 140 मधून भिंतीचा अर्धा वाटा, म्हणजे 120, काढला की उरतात 20. आणि ते निम्म्या पिक्सेलचे असल्यामुळे दुप्पट केले की मिळतात 40, म्हणजे केसाचा मूळ रंग. फोटोशॉपमध्ये Select and Mask च्या खिडकीतला Decontaminate Colors हा पर्याय याच हेतूने दिलेला आहे. तो कडेच्या पिक्सेलना आतल्या बाजूचा रंग देतो. Layer > Matting मधले Defringe हे साधनही त्याच जातीचे, पण अधिक ढोबळ आहे. कपड्यांच्या सरळ कडांसाठी ते पुरते, मोकळ्या केसांसाठी पुरत नाही.

घाईत असलेला संपादक याऐवजी मास्क एक-दोन पिक्सेल आत ओढून घेतो. रेघ जाते, पण सुटे केसही तिच्याबरोबर जातात आणि डोक्यावर शिरस्त्राण घातल्यासारखी गुळगुळीत बाह्यरेषा उरते. पाचजणांच्या कपाळावर केस भुरभुरत असताना सहाव्याचे डोके घोटून काढल्यासारखे दिसले, तर ती खूण पांढऱ्या रेघेइतकीच बोलकी असते.

कडेची दुसरी गोष्ट म्हणजे तिची धार. भिंगाचा दर्जा, फोकस आणि कॅमेऱ्यातली प्रक्रिया यांमुळे कोणत्याही फोटोत एका रंगातून दुसऱ्या रंगात जाण्यासाठी काही पिक्सेल लागतात. शेजारच्या माणसाच्या खांद्यावर हे संक्रमण तीन पिक्सेलमध्ये होत असेल आणि नव्या माणसाच्या खांद्यावर एकाच पिक्सेलमध्ये, तर तो कागदातून कापून चिकटवल्यासारखा दिसतो. यावर उपाय म्हणून पूर्ण बाह्यरेषेला सारखेच मऊपण देणे ही नवशिक्याची हमखास चूक असते. खऱ्या फोटोत कॅमेऱ्याच्या जवळचा हात आणि मागे गेलेला खांदा यांची धार एकसारखी नसते, आणि बुटाची कड केसांइतकी मऊ कधीच नसते. सराईत संपादक त्याच अंतरावर उभ्या असलेल्या शेजाऱ्याची कड 300 ते 400 टक्के मोठी करून पाहतो आणि तेवढीच धार भागाभागाने ठेवतो.

## फोटोतली खरखर कुठून येते?

अंधारात काढलेल्या फोटोत बारीक दाणेदार खरखर दिसते, तिला नॉइज म्हणतात. तिचा मोठा भाग कॅमेऱ्याच्या दोषामुळे नव्हे, तर प्रकाशाच्या स्वभावामुळे येतो. प्रकाश सुट्या कणांच्या रूपाने येतो आणि ते कण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. अंगणात मांडलेल्या शेजारशेजारच्या वाट्यांत दोन-चारच थेंब पडले तर एका वाटीत दोन आणि दुसरीत पाच असा मोठा फरक दिसतो. तासभर पाऊस झाला तर सगळ्या वाट्या जवळजवळ सारख्या भरतात. सरासरी 100 कण आले तर चढउतार सुमारे 10 असतो, म्हणजे 10 टक्के. 10,000 कण आले तर चढउतार सुमारे 100, म्हणजे केवळ 1 टक्का.

कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता आयएसओ या आकड्यात सांगतात. आपल्या उदाहरणात उन्हातला फोटो आयएसओ 100 वर आणि घरातला आयएसओ 3200 वर काढला आहे असे समजू. याचा अर्थ घरातल्या फोटोला सुमारे 32 पट कमी उजेड मिळाला, आणि 32 च्या वर्गमुळाच्या हिशेबाने त्याचा नॉइज साडेपाच पटींहून थोडा अधिक असणार. मात्र घरातला फोटो जवळून काढलेला असल्यामुळे त्यात माणूस 3,000 पिक्सेल उंच आहे आणि गटात त्याला 1,000 पिक्सेल उंचीत बसवायचे आहे. तीन पट लहान करताना नऊ पिक्सेलची सरासरी होऊन एक पिक्सेल बनतो आणि नॉइजही साधारण तिसऱ्या हिश्शावर येतो. म्हणजे जवळपास दुपटीचा फरक उरतो. तो मोबाइलच्या पडद्यावर पटकन दिसत नाही. पण फोटो मोठा करून गालाची आणि शेजाऱ्याच्या गालाची तुलना केली की जाणवतो.

तुलना मात्र सारख्या उजेडाच्या सपाट भागांचीच करावी लागते, कारण एकाच खऱ्या फोटोतसुद्धा गडद भागात खरखर जास्त दिसते आणि आकाशात कमी. फोटोशॉपच्या Histogram खिडकीचे विस्तारित रूप उघडून छोटा सपाट तुकडा निवडला, की Std Dev या नावाखाली त्या तुकड्यातला चढउतार आकड्यात मिळतो. संपादक आणि तपासनीस दोघेही हाच आकडा पाहतात, फक्त विरुद्ध हेतूंनी.

फरक मिटवण्याची रीत अशी. आलेल्या माणसातला नॉइज आधी गटातल्या फोटोपेक्षाही कमी करायचा आणि मग हवा तेवढा नवा नॉइज घालायचा. येथे बेरीज सरळ होत नाही, वर्गांची होते. गटातल्या फोटोचा आकडा 2.0 आणि साफ केलेल्या माणसाचा 1.2 असेल, तर घालायचा नॉइज 0.8 नसून 1.6 असतो, कारण 1.2 चा वर्ग 1.44, 1.6 चा वर्ग 2.56 आणि दोन्ही मिळून 4, म्हणजे 2.0 चा वर्ग. हे काम आकार बदलून झाल्यावर, अगदी शेवटी करावे लागते. आधी नॉइज घालून मग माणूस लहान-मोठा केला, तर दाणा पुसट होतो किंवा फुगतो.

आकडा जुळला तरी दाण्याचा पोत जुळेलच असे नाही. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल सहसा लाल, हिरवा किंवा निळा यांपैकी एकच रंग मोजतो आणि उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. त्यामुळे खऱ्या नॉइजचे दाणे शेजारच्या पिक्सेलमध्ये थोडे पसरलेले असतात. Add Noise या फिल्टरने घातलेला दाणा मात्र प्रत्येक पिक्सेलमध्ये स्वतंत्र, काटेरी असतो. म्हणून तो वेगळ्या लेयरवर, म्हणजे चित्रावरच्या स्वतंत्र थरावर, घालून किंचित धूसर करतात आणि धूसर केल्याने घटलेला चढउतार भरून निघेल इतका वाढवतात.

## सावली : लांबी आणि दिशेपलीकडे

‘सगळ्यांच्या सावल्या समांतर हव्यात’ हा नियम बहुतेकांना माहीत असतो, आणि फोटोच्या बाबतीत तो चुकीचा आहे. जमिनीवर सावल्या समांतरच असतात. पण रेल्वेचे रूळ जसे दूरवर एकत्र येताना दिसतात, तशा फोटोत सावल्याही तिरप्या होतात. शिवाय चढ-उताराच्या जमिनीवर त्या आणखी वाकतात.

खरी कसोटी वेगळी आहे. वस्तूवरचा एखादा ठळक बिंदू, उदाहरणार्थ टोपीचे टोक, आणि सावलीतला त्याच टोकाचा बिंदू यांना जोडणारी सरळ रेघ ओढायची. सूर्याचा किरण त्या टोकाला स्पर्शून सावलीच्या टोकापर्यंत गेलेला असल्यामुळे ही रेघ म्हणजे त्या किरणाचेच फोटोतले चित्र असते. अशा सगळ्या रेघा वाढवल्या की त्या एकाच बिंदूपाशी भेटतात, मग जमीन कशीही उंचसखल असो. (सूर्य नेमका बाजूला असेल, तर तो बिंदू फार दूर जातो आणि रेघा जवळजवळ समांतर राहतात.) सूर्य समोर असेल तर तो बिंदू म्हणजे फोटोतली सूर्याची जागा. सूर्य कॅमेऱ्याच्या पाठीमागे असेल तर तो बिंदू क्षितिजाखाली येतो आणि तिथेच कॅमेऱ्याची स्वतःची सावली पडत असते. पाचजणांच्या रेघा एका ठिकाणी येतात आणि सहाव्याची रेघ भलतीकडे जाते, तेव्हा तो पुरावा पक्का. ही रेघ चौकटीबाहेरही वाढवावी लागते, त्यामुळे तपासणारे फोटोभोवती मोठा कोरा कागद घेतात.

संपादकाची अडचण याहून मोठी असते. तो सहसा कापलेल्या माणसाचीच एक प्रत घेतो, तिला काळी करतो, जमिनीवर आडवी पाडतो आणि तिला सावली म्हणतो. पण सावली म्हणजे सूर्याच्या जागेवरून दिसणारी माणसाची बाह्यरेषा असते, कॅमेऱ्याच्या जागेवरून दिसणारी नव्हे. ऊन बाजूने येत असेल, तर खरी सावली माणसाच्या बाजूच्या आकाराची हवी. दोन्ही कोपर बाहेर काढून समोर पाहणाऱ्या माणसाच्या सावलीतही दोन्ही कोपर दिसू लागले की समजावे, ती सावली पाडलेली नसून आडवी टाकलेली आहे. अशा वेळी सरळ हातानेच नवा आकार काढणे बरे.

सावलीची कडही सर्वत्र सारखी नसते. आकाशात सूर्य एक बिंदू नसून साधारण अर्ध्या अंशाची तबकडी आहे. त्यामुळे वस्तूपासून सावली जितकी दूर पडते, तितकी तिची कड पसरते. त्या अंतराच्या सुमारे 108 व्या हिश्शाइतकी. सूर्य 45 अंशांवर असताना 170 सेंटीमीटर उंच माणसाच्या डोक्यापासून त्याच्या सावलीपर्यंत किरण सुमारे 240 सेंटीमीटर जातो आणि तिथली कड दोन-तीन सेंटीमीटर मऊ असते. घोट्याजवळ हाच पसारा मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणून सावली पायाशी रेखीव आणि डोक्याकडे क्रमाने मऊ करावी लागते. बुटाच्या तळाशी अगदी अरुंद, गडद पट्टाही लागतो. तो विसरला की माणूस जमिनीपासून बोटभर वर तरंगताना दिसतो.

रंगाचेही तसेच. उन्हातली सावली शुद्ध काळी नसते, कारण तिथे आकाशाचा निळसर उजेड पोहोचत असतो. गटातल्या फोटोत उन्हातल्या जमिनीचे लाल, हिरवा, निळा हे आकडे 200, 190, 170 आहेत आणि खऱ्या सावलीत तीच जमीन 80, 84, 85 आहे असे समजा. म्हणजे लाल 40 टक्क्यांवर आला, हिरवा 44 वर आणि निळा 50 वर. हेच प्रमाण 255 ला लावून 102, 113, 128 हा निळसर राखी रंग तयार करायचा आणि सावलीचा लेयर खालच्या रंगाला त्याच प्रमाणात गडद करणाऱ्या Multiply पद्धतीने ठेवायचा. मात्र नवी सावली शेजाऱ्याच्या सावलीवर चढत असेल, तर तेवढा भाग मास्कने वगळावा लागतो. जिथे सूर्य आधीच अडलेला आहे तिथे दुसरा माणूस त्याला पुन्हा अडवू शकत नाही. तरीही दोन सावल्या एकमेकींवर येऊन अधिक काळ्या झालेल्या जोडचित्रांत सर्रास दिसतात.

राहता राहिला चेहरा. घरातल्या दिव्याचा उजेड समोरून येत असेल, तर नाकाची सावली जवळजवळ नसतेच, आणि उन्हात ती असायलाच हवी. रंगाची पिवळी झाक दुरुस्त करता येते, पण चेहऱ्यावरचा उजेड नव्याने रंगवणे फार अवघड असते. अनुभवी संपादक म्हणूनच आधी दुसरा फोटो मागतात. उन्हात, त्याच बाजूने उजेड घेऊन आणि शक्यतो गडद पार्श्वभूमीसमोर काढलेला फोटो मिळाला, तर कडेचे, कणांचे आणि सावलीचे निम्मे काम तिथेच संपते.

## पण खऱ्या फोटोतही असे दिसतेच की!

हा आक्षेप रास्त आहे. मोबाइल कॅमेरे धारदारपणा वाढवण्यासाठी गडद आणि उजळ भागांच्या सीमेवर स्वतःच उजळ रेघ काढतात. पार्श्वभूमी धूसर करणाऱ्या पोर्ट्रेट प्रकारात तर केस अर्धवट खाल्ल्यासारखे दिसतात. चेहरा गुळगुळीत आणि आकाश दाणेदार हा प्रकारही मोबाइलच्या प्रक्रियेतून येऊ शकतो. म्हणून केवळ रेघ दिसली एवढ्यावर काही ठरत नाही. ती फक्त एका माणसाभोवती आहे की तशाच पार्श्वभूमीसमोरच्या सगळ्यांभोवती, हे पाहावे लागते. संदेशांतून अनेकदा पुढे पाठवलेल्या प्रतीत तर दर वेळी फाइल दाबून लहान केल्यामुळे नॉइज जवळपास धुऊन निघालेला असतो. अशा प्रतीवर कणांची तुलना करण्यात अर्थ नसतो, सावल्यांची रेघ मात्र तिथेही टिकते.

नुसत्या नजरेने सावली जोखण्यातला धोका एका प्रसिद्ध प्रकरणात दिसला. केनेडी हत्येतील आरोपी ली हार्वी ऑस्वाल्ड याचा 1963 मधला, अंगणात रायफल घेऊन उभा असलेला फोटो अनेकांना बनावट वाटत होता, कारण नाकाखालची सावली एका दिशेची आणि जमिनीवरची दुसऱ्या दिशेची भासत होती. प्रतिमा-तपासणीचे अभ्यासक हॅनी फरीद यांनी 2009 मध्ये त्या डोक्याची आणि दृश्याची त्रिमितीय प्रतिकृती संगणकावर उभी केली, तेव्हा एकाच सूर्याच्या उजेडात दोन्ही सावल्या नेमक्या तशाच पडतात असे दिसले. चुकला होता तो पाहणाऱ्यांचा अंदाज.

## दोन्ही तुकडे एकाच जागचे असतील तर?

मग कण, कडा आणि सावली या तिन्ही खुणा जवळजवळ निरुपयोगी ठरतात, कारण कॅमेरा तोच, ऊन तेच आणि पार्श्वभूमीही तीच असते. 31 मार्च 2003 रोजी ‘लॉस एंजेलिस टाइम्स’च्या पहिल्या पानावर इराकमधल्या बसऱ्याजवळचा एक फोटो आला. त्यात एक ब्रिटिश सैनिक हात करून नागरिकांना सूचना देत होता. छायाचित्रकार ब्रायन वॉल्स्की यांनी काही क्षणांच्या अंतराने घेतलेले दोन फोटो त्यासाठी जोडले होते. उजेडात खोट काढण्यासारखे काहीच नव्हते. फोटो पकडला गेला तो मागे बसलेल्या गर्दीमुळे. दोन्ही फोटोंत असलेली काही माणसे जोडचित्रात दोन-दोनदा दिसत होती, आणि ही गोष्ट दुसऱ्या एका वृत्तपत्रातल्या कर्मचाऱ्याच्या लक्षात आली. वॉल्स्की यांना नोकरी गमवावी लागली.